टिपणावरून ‘चूक की बरोबर’ आणि जोड्या: पोरांच्या मनातला गैरसमज पकडायचा कसा?

रानजाई
नमस्कार मंडळी. मी सातवी-आठवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. पाठ संपला की फळ्यावर पाच-सहा ओळींचं सारांश टिपण देते आणि घटक चाचणीतले ‘चूक की बरोबर’ आणि जोड्या त्यातूनच काढते. सध्या चंद्राच्या कला झाल्यात. टिपण असं आहे:

चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांची स्थिती बदलत असल्याने चंद्राचा प्रकाशित भाग आपल्याला कमी-जास्त दिसतो, यालाच कला म्हणतात. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत सुमारे 29.5 दिवस लागतात. सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये पृथ्वी आली की चंद्रग्रहण होते. ते पौर्णिमेलाच होते.

यावरून मी विधानं काढली: ‘चंद्र स्वयंप्रकाशी आहे’, ‘कलांचं चक्र सुमारे 29.5 दिवसांचं असतं’, ‘चंद्रग्रहण अमावस्येला होतं’. जोड्यांत अमावस्या, पौर्णिमा, अष्टमी आणि समोर चंद्राचे आकार. बहुतेकांना पैकीच्या पैकी. नंतर बोलता बोलता विचारलं, अष्टमीला चंद्र अर्धाच का दिसतो रे? ज्यांना पैकीच्या पैकी होते तेच म्हणाले, “बाई, उरलेल्या अर्ध्यावर पृथ्वीची सावली पडते.”

म्हणजे माझ्या चाचणीला हे दिसलंच नाही. प्रश्नप्रकार बदलता येणार नाहीत, आराखडा ठरलेला आहे. याच दोन प्रकारांत गैरसमज पकडता येईल का?

घाटमाथा
छान धागा. माझी मुलगी यंदा आठवीत आहे, शिष्यवृत्तीला बसणार आहे. असे तयार प्रश्नसंच उत्तरांसकट कुणाकडे असतील तर इथे टाकाल का? शंभर-दोनशे तरी हवेत, रोज वीस सोडवून घेईन.

खडूफळा
घाटमाथा, ताई तयार संच मागत नाहीयेत, संच बनवायचा कसा ते विचारतायत. आणि या जातीचे दोनशे प्रश्न पाठ करून घेतले तर त्यांचा उपयोगच संपतो.

रानजाईताई, तुमची चूक विधानं कशी तयार झाली ते बघा. टिपणातलं वाक्य घेतलं आणि त्यातला एक शब्द उलटा केला. ‘नाही’चं ‘आहे’, पौर्णिमेची अमावस्या. पोरगं टिपण आठवतं, शब्द जुळला नाही की ‘चूक’ लिहितं. चंद्र त्याच्या डोक्यात येतच नाही. चूक विधान टिपणातून काढायचंच नाही, पोराच्या तोंडून काढायचं.

मी असं करायचो. टिपणाची वही उघडी ठेवायची, पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे टिपणातली ओळ. उजवीकडे, ही ओळ पाठ असलेलं पोरगं तरीही मनात काय समजत असेल ते, त्याच्याच भाषेत. ‘स्थिती बदलत असल्याने प्रकाशित भाग कमी-जास्त दिसतो’ या ओळीसमोर ‘पृथ्वीची सावली चंद्रावर कमी-जास्त पडते’. ‘चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही’ याच्यासमोर ‘अमावस्येला चंद्रावर उजेड पडतच नाही’. ज्या ओळीसमोर काही सुचत नाही तिच्यावर असला प्रश्न काढायच्या भानगडीत पडायचं नाही. 29.5 दिवस ही आठवणीची गोष्ट आहे, ती गाळलेल्या जागेत विचारा.

उजवी बाजू मनाने भरू नका मात्र. आपल्याला वाटणारे गैरसमज आणि पोरांचे खरे गैरसमज वेगळे निघतात. चाचणीच्या आठवडाभर आधी एकच प्रश्न द्यायचा, ‘अष्टमीला चंद्र अर्धा का दिसतो? चित्र काढून दोन ओळी लिहा.’ गुण द्यायचे नाहीत. त्या कागदांत तुमची चूक विधानं आयती मिळतात.

पोटोबा
एक मिनिट. अष्टमीला पृथ्वीची सावली नसते का? आम्ही तर तसंच शिकलो. पुस्तकात सूर्य, पृथ्वी, चंद्र असं चित्रही होतं.

निशाचर
पोटोबा, ते चित्र ग्रहणाचं होतं. शुक्ल अष्टमीला सूर्य मावळताना गच्चीवर जा. सूर्य पश्चिमेला टेकलेला असतो आणि अर्धा चंद्र जवळपास डोक्यावर. सावली नेहमी उजेडाच्या विरुद्ध दिशेला पडते, म्हणजे त्या वेळी पृथ्वीची सावली पूर्वेच्या क्षितिजाकडे गेलेली असते. डोक्यावरच्या चंद्रापर्यंत ती येणार कुठून?

चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो. आपण अष्टमीला त्याच्याकडे बाजूने बघतो, म्हणून त्या उजळलेल्या भागाचा निम्माच हिस्सा आपल्या वाट्याला येतो.

पोटोबा
बघतो अष्टमीला. पण मग दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही? तेव्हा तर पृथ्वी मध्येच असते ना?

निशाचर
हा प्रश्न आठवीच्या वर्गात हमखास येतो, आणि त्याचं मूळ पुस्तकातल्या चित्रातच आहे. कागद सपाट असतो, त्यामुळे तिघेही एका पातळीत येतात. शिवाय जागेअभावी चंद्र पृथ्वीला चिकटून काढलेला असतो.

प्रमाणात मांडून बघा. पृथ्वी 30 सेंटीमीटरचा चेंडू धरली तर चंद्र सुमारे 8 सेंटीमीटरचा, आणि तो ठेवायचा तब्बल 9 मीटरवर. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत किंवा त्याहून लांब. चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. 9 मीटरवर 5 अंश म्हणजे चंद्र जवळजवळ 80 सेंटीमीटर वर किंवा खाली जाऊ शकतो. आणि तिथे पृथ्वीच्या गडद सावलीची रुंदी जेमतेम 21-22 सेंटीमीटर. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून नाही तर खालून निघून जातो.

रानजाई, तुमच्या टिपणातलं शेवटचं वाक्य (‘पौर्णिमेलाच होते’) वाचून पोरं ‘दर पौर्णिमेला होते’ असा अर्थ घेऊ शकतात. त्यावर एक विधान ठेवाच.

सरळरेषा
चर्चा उत्तम आहे, पण मुळात ‘चूक की बरोबर’ हा प्रकारच कुचकामी आहे. नाणं उडवलं तरी अर्धे गुण मिळतात. गैरसमज पकडायचा तर बहुपर्यायी घ्या किंवा थेट लिहायला सांगा. आराखडा बदलत नसेल तर वेळ का घालवायचा?

खडूफळा
एकेका विधानाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. पण एका गैरसमजावर एकच विधान टाकायचं असं कुणी सांगितलंय? सावलीच्या समजुतीवर चार विधानं घ्या, पेपरात लांब लांब पेरा. नाणं उडवून चारही बरोबर यायची शक्यता 16 पैकी 1.

आणि माझं लक्ष एकूण गुणांपेक्षा उत्तरांच्या नक्षीवर असायचं. ही चार बघा:

‘अष्टमीला चंद्राच्या न दिसणाऱ्या भागावर पृथ्वीची सावली असते.’ चूक.
‘अमावस्येलाही चंद्राच्या अर्ध्या भागावर सूर्यप्रकाश पडलेला असतो.’ बरोबर.
‘पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती चंद्रग्रहणाच्या वेळी.’ बरोबर.
‘चंद्रकोर दिसते तेव्हा चंद्राचा बाकीचा भाग पृथ्वीने झाकलेला असतो.’ चूक.

सावलीवाला पोरगा पहिलं आणि चौथं ‘बरोबर’ म्हणणार, दुसऱ्यावर बहुधा ‘चूक’, आणि तिसरं त्याला जमूनही जाईल. अंदाजे ठोकणाऱ्याची नक्षी कशीही येते, सावलीवाल्याची ठरावीक येते. फरक कळतो.

कोकणकडा
मी पण शिक्षक आहे. चूक विधान बनवायची सोपी युक्ती सांगतो. ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सर्व’ हे शब्द घालायचे. ‘चंद्र नेहमी रात्रीच दिसतो’, ‘चंद्र फक्त पौर्णिमेला पूर्ण गोल असतो’. पटापट होतात आणि गैरसमजही तपासला जातो.

खडूफळा
कोकणकडा सर, ‘चंद्र रात्रीच दिसतो’ हा गैरसमज झकास पकडलात, तो घ्यायलाच हवा. फक्त ‘नेहमी’ काढा. पोरं दोन चाचण्यांत शिकतात की ‘नेहमी’ आणि ‘फक्त’ दिसलं की ‘चूक’ लिहायचं. शिकवणीत तर हे उघड सांगतात. ‘शुक्ल अष्टमीचा चंद्र दुपारी आकाशात असतो’ असं लिहा. हे बरोबर विधान आहे आणि त्यात इशारा देणारा एकही शब्द नाही. चंद्र रात्रीचाच असं मानणारा इथे अडकतो.

‘नाही’चंही तसंच. ‘चंद्र स्वयंप्रकाशी नाही, हे विधान चूक की बरोबर’ यात पोरगं चंद्रावर अडकत नाही, व्याकरणावर अडकतं. मग तुम्हाला वाटतं गैरसमज आहे.

पमाकाकू
शिक्षक नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहिते. आम्ही संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत बसतो, साधारण नऊच्या आसपास असतो. जन्माष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो. कोजागरीचा संध्याकाळीच पूर्वेला येतो. ज्या घरात उपास असतात त्या घरातल्या मुलांना चंद्र रोज वेगळ्या वेळी उगवतो हे ठाऊक असतं. त्यावर नाही का काही काढता येणार?

रानजाई
काकू, हे फारच उपयोगी आहे! जोड्यांमध्ये आकारांऐवजी उगवायच्या वेळा घेते. पौर्णिमा, संकष्टी, कृष्ण अष्टमी, अमावस्या. आणि समोर मध्यरात्र, सूर्यास्ताच्या सुमारास, सूर्योदयाच्या सुमारास, रात्री नऊच्या आसपास.

निशाचर
यात ‘त्या दिवशी उगवतच नाही’ हाही पर्याय घाला. अमावस्येला चंद्र उगवत नाही असं मोठ्यांनाही वाटतं. तो सूर्याबरोबर उगवतो, दिवसभर सूर्याच्या आसपास असतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. उजळलेली बाजू पलीकडे आणि शेजारी सूर्याचा झगमगाट, मग दिसणार कसा.

सरळरेषा
पण उगवायच्या वेळा हे पुन्हा पाठांतरच झालं. घरी संकष्टी करणारी मुलं ऐकून सांगतील, बाकीच्यांना शून्य. कला का दिसतात हे कळलंय की नाही ते यात कुठे तपासलं?

पमाकाकू
हो, तेही खरंच. आमच्या शेजारच्या मुलांना संकष्टी माहीत नाही, मग त्यांनी काय करायचं.

खडूफळा
सरळरेषा, इथे मी तुमच्या बाजूने. वेळांची जोडी घरच्या रीतीवर अवलंबून ठेवू नका. डावीकडे सणांऐवजी आकाशातली स्थिती द्या, ‘चंद्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला’, ‘चंद्र सूर्याच्याच दिशेला’ असं. मग वेळ आठवून चालणार नाही, विचार करून काढावी लागेल. संकष्टीचा उल्लेख वर्गात शिकवताना करा, तिथे तो जिवंत वाटतो.

आता जोड्यांबद्दल. आपल्याकडे चार डावीकडे, चार उजवीकडे, आणि एक पर्याय एकदाच. पोरगं तीन जोडतं, चौथी आपोआप जुळते. त्याहून वाईट म्हणजे सावलीवाला पोरगा सावली चंद्रग्रहणाला वापरून टाकतो आणि अष्टमीसाठी ती शिल्लकच राहत नाही. त्याचा गैरसमज आपल्याच नियमाने झाकला जातो. म्हणून वर सूचना लिहायची, ‘एक पर्याय एकापेक्षा जास्त वेळा वापरता येईल, काही पर्याय वापरले जाणार नाहीत.’ आणि एक पर्याय खरोखर दोनदा लागेल असं बघायचं, नाहीतर पोरं सूचनेवर विश्वास ठेवत नाहीत.

डावीकडे: शुक्ल अष्टमीला अर्धा चंद्र. कृष्ण अष्टमीला अर्धा चंद्र. अमावस्येला चंद्र न दिसणे. पौर्णिमेच्या रात्री चंद्र काही वेळ काळवंडून तांबूस होणे.

उजवीकडे: पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. चंद्राच्या उजळलेल्या भागाचा निम्माच हिस्सा आपल्याकडे असतो. चंद्राचा उजळलेला भाग आपल्या विरुद्ध बाजूला असतो. चंद्रावर सूर्यप्रकाश पडत नाही. चंद्राची सावली पृथ्वीवर पडते.

दोन्ही अष्टम्यांना एकच पर्याय लागतो. सावलीवाला पोरगा सावली तीनदा वापरतो आणि त्याचं मन कागदावर येतं. उजवीकडचे सगळे पर्याय एकाच जातीचे आहेत हेही बघा, सगळी कारणंच. मध्येच एखादी तारीख किंवा आकार आला तर तो न वाचताच गळतो.

मेलबर्नकर
इथल्या रविवारच्या मराठी शाळेत मी मुलांना शिकवतो. एक गंमत सांगतो. भारतातून आणलेल्या स्वाध्यायात ‘शुक्ल पक्षात चंद्राची उजवी बाजू उजळते’ असं विधान होतं, उत्तर ‘बरोबर’. आमच्या मुलांनी ‘चूक’ लिहिलं, कारण दक्षिण गोलार्धातून चंद्र उलटा दिसतो आणि शुक्ल पक्षात डावी बाजू उजळलेली असते. मुलं आकाश बघून लिहीत होती.

तेव्हापासून मी ‘सूर्याकडची बाजू उजळते’ असं लिहितो. ते कुठेही खरं आहे, आणि त्यातून कारणही तपासलं जातं.

निशाचर
उत्तम मुद्दा. महाराष्ट्रातही अष्टमीचा चंद्र संध्याकाळी इतका डोक्यावर असतो की तुम्ही कोणत्या दिशेला तोंड करून मान वर करता त्यावर उजवं-डावं ठरतं. पश्चिमेची बाजू म्हणा किंवा सूर्याकडची.

कोकणकडा
एक शंका आहे, गांभीर्याने विचारतो. आपण इतकी पटण्यासारखी चूक विधानं लिहायची आणि पोरांना वाचायला लावायची. ज्याला सावलीची कल्पना सुचलीच नव्हती त्याच्या डोक्यात ती आपणच घालत नाही का? छापलेलं खरं मानायची सवय असते मुलांना.

खडूफळा
हा धोका आहे, मी नाकारत नाही. म्हणून पेपर गोळा केल्यावर त्याच तासाला उत्तरं सांगायची, आणि नुसतं ‘चूक’ म्हणून पुढे जायचं नाही. चूक विधान का चूक ते बोलायचं, चेंडू आणि बॅटरी घेऊन दाखवायचं. आठवड्याने पेपर परत दिला तर मधल्या दिवसांत विधान लक्षात राहतं आणि त्याच्यापुढचं ‘चूक’ विसरलं जातं.

कोकणकडा
सत्र परीक्षेत त्याच तासाला उत्तरं देता येत नाहीत. पुढचा पेपर असतो, मग सुट्टी लागते. त्यामुळे मला वाटतं ही विधानं गुणांच्या परीक्षेत नकोत, सरावात ठीक.

सरळरेषा
मला उलट वाटतं. गुण नसतील तर मुलं मनापासून उत्तर देत नाहीत, कशीही टिचकी मारतात.

खडूफळा
गुण असले की तुम्हाला हवं ते उत्तर देतात, मनातलं देत नाहीत. मी घटक चाचणीत घ्यायचो, सत्र परीक्षेत टाळायचो. पण यावर आमच्या शिक्षकखोलीतही एकमत झालं नव्हतं.

पोटोबा
काल अष्टमी होती. गच्चीवर गेलो. सूर्य समोर, चंद्र डोक्यावर, उजळलेली बाजू सूर्याकडे. मुलीलाही दाखवलं. ती विचारत होती, मग चंद्राची पाठीमागची बाजू कायम अंधारात असते का?

निशाचर
मुलीला सांगा, नाही. तिथेही सुमारे दोन आठवडे दिवस आणि दोन आठवडे रात्र असते. जानेवारी 2019 मध्ये चीनचं चांग-ई 4 तिकडे उतरलं आणि त्याची गाडी सौरऊर्जेवर चालली. ऊन नसतं तर चालली असती का? रानजाई, हेही विधान होऊ शकतं: ‘चंद्राच्या आपल्याला न दिसणाऱ्या बाजूवर सौरऊर्जेचं यान चालू शकतं.’

रानजाई
सगळ्यांचे आभार. आधी बिनगुणी चित्रं काढून घेतली. सावलीची चित्रं अपेक्षेप्रमाणे पुष्कळ आली. एक मात्र मला कधीच सुचलं नसतं: काही मुलांनी चंद्रासमोर ढग काढले होते. म्हणजे सावलीच्या विधानाला ‘चूक’ लिहिणाऱ्याच्या मनात ढग असू शकतात, आणि माझ्या लेखी तो पास!

त्यामुळे विधानापुढे ‘चूक की बरोबर’ झालं की एक छोटी ओळ ठेवली आहे: ‘चूक असल्यास खरे कारण लिहा’. आराखड्यात बसतं, मुख्याध्यापकांनी हो म्हटलंय. जोड्या खडूफळा सरांच्याच घेतल्या, त्यात ‘चंद्रासमोर ढग येतात’ हा सहावा पर्याय टाकला.

कोकणकडा सरांची शंका मनात आहे, म्हणून सध्या घटक चाचणीपुरतंच. एक विचारायचं राहिलं. निकाल बघताना विधानच वाईट लिहिलंय आणि विधान चांगलं पण गैरसमज आहे, हे वेगळं कसं ओळखायचं?

खडूफळा
ढगांचं सापडलं हे फार चांगलं झालं. ओळखायचं असं: पेपर गुणांप्रमाणे लावा आणि त्या विधानाला चुकलेले कोण ते बघा. वरची मुलं, बाकी पेपर नीट सोडवलेली, एकाच कारणाने चुकली असतील तर गैरसमज आहे, शिकवायला परत जा. वरची मुलं चुकली पण प्रत्येकाचं कारण वेगळं असेल तर वाक्य दोन अर्थांचं झालंय, ते बदला. दोन-तीन जणांना शेजारी बसवून विचारा, ‘हे वाचल्यावर तुला काय वाटलं?’

आणि ‘पौर्णिमेलाच’ हा टिपणातला शब्द तेवढा बदला. ‘झाले तर पौर्णिमेला होते, पण दर पौर्णिमेला होत नाही.’

घाटमाथा
मुलीला वरची चार विधानं दिली. दोन चुकली, पहिलं आणि चौथं. आता तिला चेंडू आणि बॅटरी घेऊन बसवतो. रानजाईताई, तुमची चाचणी झाली की पेपर टाका, पण उत्तरं लगेच टाकू नका.